मल्याळम भाषेतील दीर्घ संयुक्त पदांची फोड : इंग्रजी व मराठी प्रतिशब्दांच्या आधारे एक विवेचन

प्रस्तावना

पुण्यातील येरवडा येथील डेक्कन कॉलेज १९३९ मध्ये पदव्युत्तर व संशोधन संस्था म्हणून नव्याने सुरू झाले. भाषाविज्ञान हा या संस्थेचा आरंभापासूनचा एक प्रमुख विषय होय. १९५० च्या दशकात रॉकफेलर प्रतिष्ठानच्या साहाय्याने येथे भाषाविज्ञानाचे अभ्यासवर्ग भरविण्यात आले. त्यांमधून भारतीय भाषांच्या अभ्यासकांना वर्णनात्मक भाषाविज्ञानाची एक साधी परंतु काटेकोर रीत परिचित झाली. पदाचे अर्थवाही लहानात लहान घटक, म्हणजेच रूपिका, वेगळ्या करावयाच्या, प्रत्येक रूपिकेखाली तिचा अर्थ लिहावयाचा आणि मगच संपूर्ण पदाचे भाषांतर द्यावयाचे, असे या रीतीचे स्वरूप आहे.

ही रीत मल्याळमला लावली असता तिची खरी कसोटी लागते. मल्याळममध्ये नाम, प्रत्यय, कृदन्त, सहायक क्रियापद, नकार आणि सर्वनाम हे सर्व एकाच शिरोरेखेखाली यावे तसे जोडून लिहिले जातात. जोडताना स्वर गळतात, नवे व्यंजन येते किंवा असलेले व्यंजन दुप्पट होते. त्यामुळे सांधा नेमका कोठे आहे हे अक्षरांवरून लगेच दिसत नाही. सांधा चुकला तर 'त्या सगळ्यांना' आणि 'त्यांना सगळे' यांसारख्या दोन भिन्न अर्थांची अदलाबदल होते. अशा पदांची फोड कशी करावी आणि त्या फोडीखाली इंग्रजी व मराठी प्रतिशब्द ठेवले असता काय दिसून येते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

लिप्यंतराविषयी

मल्याळम पदे येथे देवनागरीत दिली आहेत. ऱ्हस्व एकार 'ऎ' या चिन्हाने दाखविला आहे. मल्याळममध्ये पदाच्या अखेरीस पुष्कळदा एक अस्पष्ट, अर्धवट उकार ऐकू येतो. तो ’ या चिन्हाने दाखविला आहे. उदाहरणार्थ, वीट्’ (घर). हा अर्धा उकार आणि पूर्ण उकार यांतील भेद केवळ उच्चाराचा नाही. 'वन्नु' म्हणजे 'आला', तर 'वन्न्’' म्हणजे 'येऊन'. पहिले पद वाक्य पूर्ण करते, तर दुसरे पुढील क्रियापदाची वाट पाहते. पुढील विवेचनात या भेदाचा वारंवार उपयोग होणार आहे.

सांध्यांचे चार प्रकार

ए. आर. राजराजवर्मा यांनी 'केरळपाणिनीयम्' या ग्रंथात (१८९६, सुधारित आवृत्ती १९१७) मल्याळम संधीचे लोप, आगम, द्वित्व आणि आदेश असे चार प्रकार सांगितले आहेत. पद फोडणाऱ्याने हे प्रकार उलट दिशेने वापरावयाचे असतात. म्हणजे काय गळाले असेल, काय मधे शिरले असेल, काय दुप्पट झाले असेल आणि काय बदलले असेल, असे चार प्रश्न प्रत्येक सांध्यापाशी विचारावे लागतात.

लोपसंधीत पहिल्या पदाचा अन्त्य स्वर गळतो. कण्टु (पाहिले) आणि इल्ल (नाही) मिळून 'कण्टिल्ल' (पाहिले नाही) असे पद होते. आगमसंधीत दोन स्वरांच्या मधे य किंवा व येतो. तिरु (श्री, पवित्र) आणि ओणम् मिळून 'तिरुवोणम्' होते. केरळच्या राजधानीच्या नावातही हेच घडते : तिरु, अनन्त आणि पुरम् या तीन घटकांचे 'तिरुवनन्तपुरम्' होते. यातील 'व' हा ना तिरूचा, ना अनन्ताचा. तो केवळ सांध्याचा आहे. म्हणून फोड करताना त्याच्याखाली कोणताही प्रतिशब्द देता येत नाही.

द्वित्वसंधी मराठी वाचकाला विशेष बोलकी वाटेल. ती (आग) आणि पॆट्टि (पेटी) मिळून 'तीप्पॆट्टि' होते. इंग्रजीत घटकश: 'फायर-बॉक्स' आणि अर्थाने 'मॅचबॉक्स', तर मराठीत घटकश: आणि अर्थानेही 'आगपेटी'. येथे प दुप्पट झाला आहे. याउलट कै (हात) आणि काल् (पाय) यांचे 'कैकाल्' होते, म्हणजे 'हातपाय'. येथे क दुप्पट होत नाही. तीप्पॆट्टि या समासात पहिले पद दुसऱ्याचे विशेषण आहे, तर कैकाल् हा द्वंद्व समास आहे. म्हणजेच दोन पदांचा परस्परसंबंध कोणता, हे सांधा स्वत:च सांगतो. मराठीत 'आगपेटी' आणि 'हातपाय' यांच्या बाह्य रूपांत असा काहीच फरक दिसत नाही; तो अर्थावरून जाणावा लागतो.

आदेशसंधीत एका वर्णाच्या जागी दुसरा येतो. मरम् (झाड) याला 'इल्' (मध्ये, वर) हा प्रत्यय लागला की 'मरत्तिल्' होते. म् जाऊन त्याच्या जागी त्त् येतो.

सामान्यरूप : मराठीची जवळीक

'मरम्' आणि 'मरत्तिल्' यांतील बदल इंग्रजीच्या आधारे समजावणे अवघड जाते. इंग्रजी 'ट्री' आणि 'इन द ट्री' यांत 'ट्री' हे रूप मुळीच बदलत नाही. मराठी वाचकाला मात्र हा बदल सामान्यरूप या परिचित नावाने ओळखता येतो. 'झाड' याला प्रत्यय लागण्यापूर्वी 'झाडा-' व्हावे लागते आणि 'घोडा' याचे 'घोड्या-' व्हावे लागते. त्याचप्रमाणे 'मरम्' याचे 'मरत्त्-' आणि 'वीट्’' याचे 'वीट्ट्-' होते. एका पदाची फोड अशी करता येईल :

पद : वीट्टिल्निन्न्’
घटक : वीट्ट् – इल् – निन्न्’
इंग्रजी : हाउस – इन – स्टँडिंग
मराठी : घरा – त – उभे राहून
अर्थ : घरातून

'निन्न्’' हे मुळात 'उभे राहणे' या क्रियापदाचे 'उभे राहून' अशा अर्थाचे रूप असून ते येथे पंचमीच्या अर्थाने वापरले जाते. येथे दोन गोष्टी लक्षात येतात. पहिली, इंग्रजी प्रतिशब्दांचा क्रम भाषांतराच्या वेळी संपूर्ण उलटावा लागतो : 'हाउस-इन-फ्रॉम' याचे 'फ्रॉम इन द हाउस' करावे लागते. दुसरी, मराठीत घर, आ, त, ऊन हा क्रम जसाच्या तसा राहतो. मल्याळमप्रमाणे मराठीही प्रत्यय नामाच्या मागून लावते, म्हणून मराठी प्रतिशब्दांची ओळ डावीकडून उजवीकडे सरळ वाचता येते.

एका दीर्घ पदाची फोड

आता पुढील पद घेऊ : 'वन्निट्टिल्लात्तवर्क्कॆल्लां'. हे पद व्याकरणातील चमत्कार म्हणून रचलेले नसून सभेची सूचना किंवा पत्र यांत सहज येऊ शकेल असे आहे. त्याची फोड शेवटाकडून आरंभाकडे करणे सोयीचे असते. शेवटचे घटक संख्येने मर्यादित व ठरावीक असल्यामुळे ते आधी ओळखू येतात. आरंभीचे धातू मात्र असंख्य असतात.

शेवटी 'ऎल्लां' दिसते. त्याचा अर्थ 'सगळे'. ते बाजूला केल्यास 'वर्क्क्' असा व्यंजनान्त अंश उरतो. मल्याळम पद अशा व्यंजनावर संपत नाही. म्हणजे येथे लोप झालेला आहे. गळालेला अर्धा उकार परत ठेवला की 'क्क्’' हा चतुर्थीचा प्रत्यय मिळतो, मराठीत 'ना'. त्याच्या आधी 'अवर्', म्हणजे 'ते' किंवा 'ते लोक'. त्याच्या आधी 'इल्लात्त', म्हणजे 'नसलेला'. इल्लात्त याचा अन्त्य अ आणि अवर् याचा आद्य अ एकत्र आल्याने एकच अ उरला आहे. उरलेल्या 'वन्निट्ट्' यात पुन्हा एक लोप आहे. इट्ट्’ म्हणजे मूळ अर्थाने 'टाकून, ठेवून'. परंतु सहायक म्हणून ते क्रिया पूर्ण झाल्याचे दाखविते. त्याच्या आधीचे पद 'वन्न्’', म्हणजे 'येऊन'.

पद : वन्निट्टिल्लात्तवर्क्कॆल्लां
घटक : वन्न्’ – इट्ट्’ – इल्लात्त – अवर् – क्क्’ – ऎल्लां
इंग्रजी : कम – हॅव – नॉट-बीइंग – दोज – टू – ऑल
मराठी : येऊन – ठेवून – नसलेले – ते – ना – सगळे
अर्थ : जे आलेले नाहीत त्या सगळ्यांना

सहा घटकांचे एक पद इंग्रजीत 'टू ऑल दोज हू हॅव नॉट कम' असे सात शब्दांचे होते आणि त्यांचा क्रम जवळजवळ आरशातल्यासारखा उलटा असतो. मल्याळममध्ये जे शेवटी येते ते इंग्रजीत आधी येते. मराठीतही हाच आशय संबंधी सर्वनामाशिवाय एका पदात मांडता येतो. सकारात्मक रूप घेतल्यास हे अधिक स्पष्ट होते. मल्याळम 'वन्नवर्क्क्’' (वन्न – अवर् – क्क्’) याचे मराठी 'आलेल्यांना' होते. 'आलेला' हे कृदन्त, त्याचे सामान्यरूप, अनेकवचनाचा अनुस्वार आणि 'ना' हा प्रत्यय असे त्याचेही चार थर आहेत. इंग्रजीत मात्र 'हू' आणल्यावाचून गत्यंतर नाही.

यांतील 'इल्लात्त' हा घटक जाणीवपूर्वक न फोडता ठेवला आहे. तो 'इल्ल्' आणि 'आत्त' असा फोडता येतो. परंतु दोन्ही तुकडे नकाराशी संबंधित आहेत. दोहोंखाली 'नाही' लिहिल्यास वाचकाला दोन नकार मिळून होकार झाल्याचा भास होईल. फोड किती खोल न्यावी हे वाचकाला काय कळावयास हवे यावर ठरते. व्युत्पत्ती सांगावयाची असल्यास अधिक खोल जावे. वाक्यार्थ सांगावयाचा असल्यास येथेच थांबावे.

चुकीची फोड आणि ती ओळखण्याची खूण

अशा पदांत सर्वांत सहज होणारी चूक म्हणजे गळालेला स्वर परत ठेवताना पूर्ण उकार आणि अर्धा उकार यांची गल्लत. 'वन्निट्ट्’' यातील पहिला घटक कोणी 'वन्नु' (आला) असा घेतला, तर मराठी प्रतिशब्दांची ओळ 'आला – ठेवून – नसलेले' अशी होते आणि मधेच वाक्य संपल्यासारखे वाटते. लोप झाल्यानंतर दोन्ही उकारांचे चिन्ह सारखेच नाहीसे होते, म्हणून अक्षरांवरून हा भेद कळत नाही. पुढील घटक पाहावा लागतो. पुढे 'इट्ट्’' असेल तर आधी 'येऊन' या प्रकारचे रूप हवे. पुढे थेट 'इल्ल' असेल, तर आधी पूर्ण भूतकाळी रूप हवे. म्हणून 'कण्टिल्ल' म्हणजे 'पाहिले नाही', तर 'कण्टिट्टिल्ल' म्हणजे 'पाहिलेले नाही, आजवर पाहण्यात आलेले नाही'. मराठीत 'पाहिले नाही' आणि 'पाहिलेले नाही' यांत जो अर्थभेद आहे, त्याच्याशी हा भेद बराच जुळतो.

दुसरी चूक जागा सोडून लिहिण्यासंबंधीची आहे. मल्याळममध्ये कोणती पदे जोडावीत आणि कोणती सुटी लिहावीत याबाबत लेखकालेखकांत फरक आढळतो. बहुतेक ठिकाणी त्यामुळे अर्थ बदलत नाही; परंतु पुढील ठिकाणी बदलतो :

अवर्क्कॆल्लां कॊटुत्तु : त्या सगळ्यांना दिले.
अवर्क्क्’ ऎल्लां कॊटुत्तु : त्यांना सगळे दिले.

घटक दोन्हीकडे तेच आहेत : अवर्, क्क्’, ऎल्लां, कॊटुत्तु. पहिल्या वाक्यात 'ऎल्लां' मागील सर्वनामाला चिकटते आणि घेणाऱ्यांची संख्या सांगते. दुसऱ्यात ते सुटे राहून दिलेल्या वस्तूंविषयी सांगते. वाटपाच्या हिशेबात किंवा मृत्युपत्रात हा फरक किती मोठा ठरेल हे सांगावयास नको. येथे केवळ घटकांखाली प्रतिशब्द लिहून काम भागत नाही. सांधा होता की जागा होती, हेही नोंदवावे लागते. दोन भाषांतील घटकांची संख्या एकास एक ठेवावी आणि घटकांमध्ये जोडरेषा द्यावी, हा लाइपझिग नियम म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संकेतांतील मूळ दंडक याच गरजेतून आलेला आहे.

'ऎन्न्’' आणि 'म्हणून'

क्रियापदांच्या साखळीत मराठीची जवळीक आणखी एका ठिकाणी दिसते. 'वरुमॆन्नुपऱञ्ञु' हे पद पाहू :

घटक : वरुम् – ऎन्न्’ – पऱञ्ञु
इंग्रजी : कम-विल – दॅट – सेड
मराठी : येईल – म्हणून – सांगितले

येथे 'ऎन्न्’' पुढे व्यंजन आल्याने अर्धा उकार पूर्ण झाला आहे. व्यंजनापूर्वी तो पूर्ण होतो आणि स्वरापूर्वी गळतो, हा नियम फोड तपासण्यास उपयोगी पडतो. 'ऎन्न्’' हे मुळात 'म्हणणे' अशा अर्थाच्या द्राविडी धातूचे रूप आहे, म्हणजे शब्दश: 'म्हणून'. इंग्रजी 'दॅट' हा प्रतिशब्द कार्य सांगतो, परंतु रचना सांगत नाही. तो वाक्याच्या आधी येतो, तर 'ऎन्न्’' वाक्याच्या नंतर येतो. मराठीत दोन्ही सोयी आहेत. फारसीतून आलेला 'की' घेतला तर 'सांगितले की येईल' असा इंग्रजीसारखा क्रम होतो. 'म्हणून' घेतले तर 'येईल म्हणून सांगितले' असा मल्याळमसारखा क्रम होतो. मरे एमेनो यांनी १९५६ मध्ये भारत हे एक भाषिक क्षेत्र असल्याची जी मांडणी केली, तिच्यामागे अशा प्रकारचे, वंश वेगळा असूनही जुळणारे रचनाविशेष होते. फ्रँकलिन साउथवर्थ यांनी १९७१ मध्ये मराठीच्या उगमाचा विचार करताना द्राविडी संपर्काकडे विशेष लक्ष वेधले. त्यांच्या निष्कर्षांविषयी मतभेद असू शकतात. परंतु फोड करणाऱ्याला त्या जुळणीचा व्यावहारिक लाभ मिळतो, याविषयी मतभेद होण्याचे कारण नाही.

हाच लाभ बोलीतूनही मिळतो. 'पऱञ्ञुकॊण्टिरिक्कुकयायिरुन्नु' हे लांबलचक पद पऱञ्ञ्’ (सांगून), कॊण्ट्’ (घेऊन), इरिक्कुक (बसणे, असणे), आयि (होऊन) आणि इरुन्नु (बसला, होता) असे फुटते. इरिक्कुक व आयि यांच्यामधील 'य' हा आगम आहे. अर्थ 'सांगत होता'. 'सांगून' या रूपापुढे स्थितिवाचक क्रियापद ठेवून चालू क्रिया दाखविण्याची ही रीत प्रमाण मराठीत नसली, तरी वऱ्हाडीतील 'सांगून राहिला होता' या प्रयोगात ती स्पष्ट दिसते. इंग्रजीत ही साखळी 'वॉज टेलिंग' या दोन शब्दांत आटते आणि मधले घटक दिसेनासे होतात.

मर्यादा

मराठी प्रतिशब्द सर्वत्र सोयीचे ठरतात असे नाही. मल्याळम क्रियापद लिंग, वचन व पुरुष दाखवीत नाही. अवन् वन्नु, अवळ् वन्नु, अवर् वन्नु यांचे मराठीत अनुक्रमे तो आला, ती आली, ते आले असे होते. म्हणून 'वन्नु' या एकट्या पदाखाली 'आला' लिहिले की मूळात नसलेले पुल्लिंग व एकवचन त्यात शिरते. याबाबतीत इंग्रजी 'केम' अधिक प्रामाणिक ठरते. 'वरुमॆन्नुपऱञ्ञु' यात तर अडचण दुहेरी आहे. 'वरुम्' याचा अर्थ येईन, येशील, येईल, येतील यांपैकी कोणताही असू शकतो. 'येईन म्हणून सांगितले' आणि 'येईल म्हणून सांगितले' यांत वचन कोणी दिले आणि कोणाविषयी दिले, हे संपूर्ण बदलते. मराठी भाषांतरकाराला निवड करावीच लागते आणि ती निवड पदातून न मिळता आधीच्या वाक्यांतून शोधावी लागते. अशा ठिकाणी मराठी प्रतिशब्दांच्या ओळीत 'येणे–भविष्य' असे तटस्थ रूप लिहून लिंग व पुरुष फक्त अंतिम भाषांतरात ठरविणे योग्य होय.

निष्कर्ष

मल्याळम दीर्घ पदाची फोड करताना शेवटाकडून आरंभ करावा, प्रत्येक सांध्यापाशी गळालेला स्वर परत ठेवावा, आगमाच्या य-व खाली प्रतिशब्द देऊ नये आणि सांधा व जागा यांतील भेद नोंदवावा. प्रतिशब्दांच्या दोन ओळी परस्परांना पूरक ठरतात. घटकांचा क्रम, सामान्यरूप आणि 'म्हणून' यांसारखे रचनाविशेष मराठी ओळ दाखविते. लिंग-वचनाविषयीचे मूळ पदाचे मौन इंग्रजी ओळ जपते. दोन्ही ओळी एकाखाली एक ठेवल्यास एकीतील उणीव दुसरीत तत्काळ लक्षात येते आणि भाषांतरात आपण मूळ पदापेक्षा अधिक काय सांगितले, हे वाचकाला तपासून पाहता येते.